थिएटरात पिक्चर लहान दिसतंय, चारही बाजूंनी काळं येतंय: एक्स्पोर्ट कुठे चुकतो आणि कसा शोधायचा

लक्षणं आधी सांगतो. तुमची तक्रार यांत बसत असेल तर पुढच्या तपासण्या त्याच क्रमाने करा.

सगळ्यांत जास्त वेळा येणारी तक्रार अशी: लॅपटॉपवर आणि यूट्यूबवर फिल्म छान दिसते, पण महोत्सवात ती पडद्याच्या मधोमध लहान होऊन बसते. वर, खाली, डावीकडे, उजवीकडे, सगळीकडे काळं. दुसरी तक्रार अंधाऱ्या प्रसंगांची. भिंतीवरचा कंदिलाचा उजेड हळूहळू विरत जायला हवा, तो मोठ्या पडद्यावर पायऱ्यापायऱ्यांनी उतरतो आणि कोपऱ्यात चौकोनी ठोकळे हलताना दिसतात. तिसरी, कॅमेरा आडवा फिरत असताना दर सेकंदाला एक बारीक हिसका बसतो, किंवा शेवटाकडे ओठ आणि आवाज यांची फारकत होते. चौथी, काळा रंग राखाडी दिसतो आणि सगळी फिल्म धुतल्यासारखी वाटते.

शॉर्टफिल्म्सच्या शेवटच्या फाइली बनवून देण्याचं काम मी बरीच वर्षं करतोय. या चारही तक्रारींचं मूळ मला बहुतेक वेळा एकाच जागी सापडलं आहे: वेबसाठी बनवलेली एमपी४ फाइल हीच ‘फायनल’ धरली जाते आणि तीच पुढे सगळीकडे जाते. त्यातही पहिल्या तक्रारीवर मी इथे जास्त वेळ घालवणार आहे. तिचं कारण डोळ्यांसमोर असूनही दिसत नाही आणि प्रयोगाच्या दिवशी ती दुरुस्त करता येत नाही.

असं का होतं

फिल्म रुंद दिसावी म्हणून आपण २.३९:१ चं प्रमाण निवडतो. पण एडिटची टाइमलाइन असते १९२०×१०८०, म्हणजे १६:९. मग वर-खाली काळ्या पट्ट्या टाकल्या जातात. प्रत्येक पट्टी १३८ पिक्सेलची आणि मधे उरलेलं खरं चित्र १९२०×८०४. लॅपटॉपचा पडदा साधारण त्याच प्रमाणाचा असल्यामुळे तिथे हे अगदी सिनेमासारखं दिसतं. मात्र त्या पट्ट्या आता चित्राचाच भाग झालेल्या असतात. फाइलच्या दृष्टीने आकाश आणि पट्टी दोन्ही सारखेच पिक्सेल.

थिएटरच्या सर्व्हरवर फिल्म डीसीपी नावाच्या डिजिटल पॅकेजमधून चालते, आणि तिथलं प्रोजेक्शन दोन चौकटी ओळखतं. २के डीसीपीत फ्लॅट म्हणजे १९९८×१०८० आणि स्कोप म्हणजे २०४८×८५८. आपली १६:९ ची फाइल कुणी स्कोपच्या चौकटीत ठेवली, की तिची १०८० ची उंची ८५८ मध्ये बसवावी लागते. त्यामुळे रुंदी १५२५ वर येते आणि दोन्ही कडांना काळं उरतं. वर-खालच्या पट्ट्या आत होत्याच. खरं चित्र उरतं सुमारे १५२५×६३८. क्षेत्रफळ काढलं तर चौकटीचा जेमतेम ५५ टक्के भाग.

फ्लॅटमध्ये ठेवलं तर वाचतो असं अनेकांना वाटतं. नाही वाचत. पडदा २.३९ चा असेल आणि फ्लॅट व स्कोप एकाच उंचीवर दाखवले जात असतील, तर फ्लॅटचं चित्र मधल्या भागात येतं, त्यात आपल्या पट्ट्या वर-खाली, आणि हिशोब पुन्हा त्याच ५५ टक्क्यांवर येतो.

पहिली तपासणी: फाइल फुलस्क्रीन न करता बघा

पैसे नाहीत, वेळ एक मिनिट. डेस्कटॉपचा रंग पांढरा किंवा पिवळा करा आणि फिल्म प्लेअरच्या लहान खिडकीत चालवा. काळ्या पार्श्वभूमीवर पट्टी आणि पडद्याची रिकामी जागा यांतला फरक डोळ्याला कळतच नाही, म्हणून हा रंग बदलायचा. खिडकीच्या आत वर-खाली काळं दिसलं, तर पट्ट्या फाइलमध्ये भाजलेल्या आहेत. खिडकीच चित्राच्या आकाराची, लांबट झाली, तर फाइल स्वच्छ आहे आणि दोष पुढे कुठेतरी डीसीपी बनवताना झाला आहे.

याच वेळी सबटायटल कुठे आहेत ते बघा. काळ्या पट्टीवर लिहिलेली असतील तर नोंद करून ठेवा. पुढे त्यावर येतो.

दुसरी तपासणी: फाइललाच विचारा

फाइलच्या नावात ‘फायनल’, ‘२४’ किंवा ‘स्कोप’ असं लिहिलेलं असतं. त्यावर विश्वास ठेवू नका. एफएफएमपेग या फुकट सॉफ्टवेअरची ही आज्ञा टर्मिनलमध्ये चालवा, ती खरं काय ते सांगते:

```
ffprobe -v error -select_streams v:0 -show_entries stream=codec_name,width,height,r_frame_rate,color_range,bit_rate -of default=nw=1 film.mov
```

उत्तरातल्या चार गोष्टी वाचायच्या. `width` आणि `height` मधून चौकट कळते. `r_frame_rate` मध्ये `25/1` म्हणजे २५, `24/1` म्हणजे २४ आणि `24000/1001` म्हणजे २३.९७६. `codec_name` मध्ये `h264` आलं तर ती वितरणाची फाइल आहे, मास्टर नव्हे. `color_range` मध्ये `tv` असणं नेहमीचं. `pc` असेल तर चौथ्या तक्रारीचा धागा तिथे आहे.

पट्ट्या नेमक्या किती जाडीच्या आहेत ते मोजायचं असेल, तर जिथे भरपूर उजेड आहे आणि सबटायटल नाही अशा ठिकाणचे वीस सेकंद निवडा:

```
ffmpeg -ss 300 -i film.mov -t 20 -vf cropdetect=round=2 -f null -
```

`crop=1920:804:0:138` असं काही आलं की हिशोब हातात आला. अंधाऱ्या प्रसंगावर ही आज्ञा चालवली तर ती अंधारालाच पट्टी समजते, म्हणून उजेडाचा प्रसंग घ्यायला सांगितलं.

तिसरी तपासणी: जिथे पाठवायचंय तिथे फोन करा

हीही फुकटच, पण लोक संकोचाने टाळतात. महोत्सवाच्या प्रिंट विभागाला तीन प्रश्न विचारा: पडदा स्कोप आहे की फ्लॅट, २५ फ्रेमचं डीसीपी चालेल का, आणि डीसीपी देता आलं नाही तर कोणती फाइल चालेल. चॅनेलकडून मात्र तोंडी उत्तर घेऊ नका, त्यांचा तांत्रिक निकषांचा कागद मागा. फाइल नाकारली जाते ती त्या कागदावरून.

चौथी तपासणी: पट्ट्या आल्या कुठून, तिथे जा

इथे पैसे लागत नाहीत, पण प्रोजेक्ट उघडावं लागतं. एक प्रत्यक्ष काम सांगतो.

एका दिग्दर्शिकेचा फोन आला तो थेट थिएटरच्या लॉबीतून. अठरा मिनिटांची फिल्म, समुद्रकिनाऱ्यावर घडणारी. “दादा, क्षितिज दिसायला हवं तिथे नुसता काळोख दिसतोय हो.” तो प्रयोग तसाच झाला. पुढच्या महोत्सवाला अकरा दिवस होते. फाइल मागवली. १९२०×१०८०, २५ फ्रेम, एच२६४, वर-खाली १३८ च्या पट्ट्या आणि इंग्रजी सबटायटल खालच्या पट्टीवर.

घाईचा उपाय असा असता: पट्ट्या कापायच्या आणि उरलेलं १९२०×८०४ चं चित्र २०४८×८५८ पर्यंत वाढवायचं. प्रमाण बरोबर जुळतं, दोन्ही बाजूंनी १.०६७ पट. पण त्या पट्टीबरोबर सगळी सबटायटलही गेली असती. मराठी न कळणाऱ्या परीक्षकांसमोर फिल्म मुकी झाली असती. म्हणून मूळ प्रोजेक्ट मागवलं. ते मिळवायला दोन दिवस गेले, आणि ते दोन दिवस कामी आले.

पट्ट्या एकाच ठिकाणी असतील असं धरू नका. रिझॉल्व्हमध्ये त्या बहुधा `Timeline` मेन्यूतल्या `Output Blanking` मधून आलेल्या असतात. प्रीमियरमध्ये वरच्या ट्रॅकवर काळ्या पट्ट्यांचं पीएनजी किंवा क्रॉप लावलेला अॅडजस्टमेंट लेअर असतो. या प्रोजेक्टमध्ये दोन्ही होतं: एडिटरने पीएनजी टाकलं होतं आणि ग्रेडिंगवाल्याने ब्लँकिंग. एक काढून दुसरं राहिलं असतं तर आम्हाला वाटलं असतं की काम झालं.

पट्ट्या काढल्या की त्यांच्यामागचं चित्र उघडं पडतं. एका शॉटमध्ये बूम माइक होता, एकात ट्रायपॉडचा पाय. म्हणून १६:९ तसंच ठेवायचं नाही. टाइमलाइन २०४८×८५८ केली आणि इनपुट स्केलिंगला `Scale full frame with crop` निवडलं, म्हणजे चित्र रुंदीने भरतं आणि वर-खालचं जास्तीचं कापलं जातं. शूटिंग ३८४०×२१६० मध्ये झालेलं असल्यामुळे काहीच ताणावं लागलं नाही, उलट आधीपेक्षा बारकावे जास्त आले. मग एकेक शॉट बघितला. ज्या शॉटला एडिटमध्ये वर-खाली सरकवलेलं होतं, तिथे डोकी कापली जात होती. असे सात शॉट हाताने बसवले. श्रेयनामावलीही पुन्हा मांडावी लागली, कारण तिच्या शेवटच्या ओळी जुन्या चौकटीच्या मापाने लावलेल्या होत्या.

सबटायटल चित्रात न भाजता वेगळ्या एसआरटी फाइलमध्ये काढली. डीसीपीत ती स्वतंत्र थरासारखी जातात, त्यामुळे पुढे भाषा बदलायची झाली तर चित्राला हात लावावा लागत नाही. मात्र ती आता चित्रावरच येणार, म्हणून पांढऱ्या वाळूच्या दोन शॉटमध्ये अक्षरांना गडद कड द्यावी लागली.

डीसीपी-ओ-मॅटिक हे फुकट सॉफ्टवेअर वापरून कंटेनर स्कोप निवडला आणि डीसीपी केलं. तुमच्याकडे प्रोजेक्ट नसेल आणि सबटायटल पट्टीवर नसतील, तर याच सॉफ्टवेअरमध्ये वर १३८ आणि खाली १३८ असा क्रॉप देऊन स्कोपमध्ये बसवता येतं. तो दुय्यम उपाय आहे, पण ५५ टक्के पडद्यापेक्षा नक्कीच बरा.

आता वेब आणि चॅनेल. वेबसाठीही पट्ट्या नकोत: १९२०×८०४ चीच फाइल चढवा. प्लेअर आपल्या पडद्यानुसार काळं आपोआप भरतो. पट्टीवाली फाइल लांबट फोनवर बघा, तिथे थिएटरसारखंच चारही बाजूंनी काळं येतं. टीव्हीला मात्र उलट. चॅनेलला पूर्ण १९२०×१०८० ची चौकट लागते, म्हणून तिथेच आणि फक्त तिथेच पट्ट्या शेवटच्या एक्स्पोर्टमध्ये घाला. त्या मास्टरमध्ये जाऊ देऊ नका.

पाचवी तपासणी: डीसीपी कशातून बनवलं

अंधारातल्या ठोकळ्यांचं उत्तर इथे आहे. डीसीपीतला जेपीईजी २००० सेकंदाला २५० मेगाबिटपर्यंत जाऊ शकतो आणि त्यात रंगाची खोली १२ बिटची असते. पण त्यात ओतलंत काय? आठ मेगाबिटची, ८ बिटची वेबफाइल ओतली, तर तिच्यातले ठोकळे अत्यंत प्रामाणिकपणे, मोठ्या पडद्यावर, मोठ्या फाइलमध्ये जपले जातात. बिटरेट वाढवून हरवलेला तपशील परत येत नाही.

म्हणून मधला मास्टर हवा. मी प्रोरेस ४२२ एचक्यू काढतो. १०८०, २५ फ्रेमला तो सेकंदाला सुमारे १८४ मेगाबिट घेतो, म्हणजे अठरा मिनिटांना साधारण २५ जीबी. डिस्क भरते म्हणून लोक तो पुसतात आणि एमपी४ ठेवतात. पुसायचंच असेल तर एमपी४ पुसा, ती मास्टरमधून केव्हाही निघेल.

वेबसाठी यूट्यूब १०८० च्या २४ ते ३० फ्रेमच्या एसडीआर व्हिडिओला ८ मेगाबिट सुचवतं. अंधारी फिल्म असेल तर मी १६ ते २० देतो. कारण साइट आपली फाइल पुन्हा दाबतेच. दाबण्याआधीच जे फुटलेलं आहे, ते दुसऱ्यांदा आणखी फुटतं. २० मेगाबिटने अठरा मिनिटांची फाइल २.७ जीबीची होते, रात्री अपलोडला लावायची. चॅनेलसाठी बहुतेकदा एक्सडीकॅम एचडी४२२, ५० मेगाबिट, १०८०आय५०, एमएक्सएफ असं मागतात. तिथे स्वतःची हुशारी नको, कागदावर आहे तेच द्यायचं, आवाजाच्या पातळीसकट.

सहावी तपासणी: फ्रेमचा आकडा

आपल्याकडे टीव्हीमुळे २५ रुजलेलं आहे आणि सिनेमाचं नेहमीचं २४. नव्या, एसएमपीटीई प्रकारच्या डीसीपीत २५ चालतं, जुन्या इंटरॉप प्रकारात नाही. थिएटर २४ वर अडून बसलं, तर सॉफ्टवेअरला ‘तू बदल’ म्हणू नका. ते दर सेकंदाला एक फ्रेम गाळतं आणि तोच तो हिसका. त्याऐवजी प्रत्येक फ्रेम तशीच ठेवून फिल्म २४ च्या वेगाने चालवा. अठरा मिनिटांची फिल्म अठरा मिनिटं पंचेचाळीस सेकंदांची होईल. आवाजही तेवढाच लांबवायचा, स्वर खाली न आणता. पेटी किंवा गाणं असेल तर हे कानाने तपासाच, सॉफ्टवेअरच्या ताणण्याने तंबोऱ्याचा नाद थरथरतो.

आवाज हळूहळू मागेपुढे होत असेल तर २३.९७६ आणि २४ ची गल्लत बघा. फरक हजारात एकाचा, पण अठरा मिनिटांच्या अखेरीस एक सेकंदाहून जास्त होतो. सुरुवातीचा संवाद जुळतो आणि शेवटचा नाही, ही त्याची खूण. सुरुवातीपासून शेवटपर्यंत सारखाच फरक असेल तर कारण वेगळं आहे: आवाजाची फाइल चुकीच्या जागी ठेवली गेली आहे.

सातवी तपासणी: धुतलेला काळा

व्हिडिओत काळा १६ वर आणि पांढरा २३५ वर धरतात, संगणकावर ० आणि २५५. एका टोकाने एक धरलं आणि दुसऱ्याने दुसरं, की काळा राखाडी होतो किंवा सावल्या गडप होतात. एक्स्पोर्टच्या `Data Levels` मध्ये `Auto` किंवा `Video` ठेवा आणि तयार झालेली फाइल पुन्हा त्याच टाइमलाइनवर आणून मूळ चित्राशेजारी वेव्हफॉर्मच्या आलेखावर बघा. दोन्ही आलेख एकसारखे असतील तर फाइल ठीक आहे, दोष प्लेअरचा आहे. मॅकच्या क्विकटाइममध्ये फिकं दिसतं म्हणून ग्रेड गडद करून पाठवलेल्या फिल्म मी थिएटरात बघितल्या आहेत. रात्रीच्या प्रसंगात नटांचे डोळेच दिसत नव्हते. प्लेअर बघून ग्रेड बदलू नका.

आठवी तपासणी: थिएटरातले दोन मिनिटं

याला पैसे किंवा ओळख लागते. चित्राच्या अगदी कडेने पांढरी रेघ आखलेली एक स्थिर फ्रेम आणि त्यापाठोपाठ फिल्ममधला सगळ्यांत अंधारा प्रसंग, असं एक मिनिटाचं डीसीपी बनवा आणि सकाळच्या पहिल्या खेळाआधी चालवून बघायची विनंती करा. चारही कडांना रेघ दिसली की चौकट बरोबर. वर-खालची रेघ गायब असेल, तर बहुधा फ्लॅटच्या डीसीपीवर स्कोपचं बटण दाबलं गेलं आहे. ऑपरेटर ते बटण डीसीपीच्या नावातल्या `F` किंवा `S` वरून निवडतो, म्हणून आपल्या डीसीपीच्या नावात खरं अक्षर आहे का ते घरीच बघून घ्या. त्या दिग्दर्शिकेच्या फिल्मचं नाव मी तीन वेळा तपासलं होतं.

इथे थांबा आणि लॅबला द्या

डीसीपी तुमच्या संगणकावर चालतं पण थिएटरच्या सर्व्हरवर चढतच नाही, तर आतल्या एक्सएमएल फाइली हाताने दुरुस्त करू नका. त्यांच्या हॅशची नोंद असते, एक अक्षर बदललं तरी सर्व्हर पूर्ण पॅकेज नाकारतो. पुन्हा बनवा, आणि दुसऱ्यांदाही नाकारलं तर लॅबकडे जा.

महोत्सवाने कुलूपबंद डीसीपी आणि ते उघडणारी किल्ली, म्हणजे केडीएम, मागितलं, तर तेही लॅबचंच काम. किल्लीची वेळ चुकली तर प्रयोगाला पडदा काळाच राहतो. स्टिरिओ मिक्सचं ५.१ करायचं असेल तर ध्वनिसंयोजकाकडे जा. सॉफ्टवेअरमधल्या आपोआप ५.१ ने संवाद पोकळ झाल्याचं मी ऐकलेलं आहे. एचडीआरमध्ये ग्रेड झालेली फिल्म असेल, तर एसडीआरची आवृत्ती कलरिस्टनेच काढायची. आणि चॅनेलने फाइल दोनदा नाकारली असेल, तर तिसऱ्यांदा अंदाजाने काही बदलू नका. त्यांचा क्यूसी अहवाल टाइमकोडसकट मागा आणि तो फिनिशिंग स्टुडिओच्या हातात द्या.

प्रयोगाला तीन दिवसांहून कमी उरले असतील आणि पट्ट्या फाइलमध्ये भाजलेल्या असतील, तर प्रोजेक्ट शोधत बसू नका. १३८-१३८ चा क्रॉप, स्कोपचा कंटेनर, आणि सबटायटल पट्टीवर असतील तर एसआरटी नव्याने टाइप करून घ्या. अठरा मिनिटांच्या फिल्मला एक रात्र पुरते.